मांजराची प्रथमोपचार पेटी

मांजराला जखम झाली, चटका बसला किंवा ते अचानक आजारी पडले, तर पशुवैद्यकाकडे पोचेपर्यंतच्या वेळेत लागणाऱ्या सामानाचा घरातला डबा. या डब्याकडून पाचच कामांची अपेक्षा असते: मांजराला नीट धरणे, रक्त थांबवणे, जखम धुणे, ती झाकणे आणि ताप मोजणे. रोग बरा करणे त्याचे काम नाही, त्यामुळे त्यात औषधे जवळजवळ नसतात. माणसांची प्रथमोपचार पेटीच मांजरासाठी वापरली की घोटाळा होतो तो इथे. मांजर अंगाला लावलेले काहीही चाटून पोटात घेते, आणि माणसाचे यकृत ज्या पदार्थांचा सहज निचरा करते त्यातल्या काहींचा निचरा मांजराच्या यकृताला जमत नाही.

काय ठेवू नये

पॅरासिटामॉल हे याचे सगळ्यात वाईट उदाहरण. हे औषध शरीराबाहेर टाकायला लागणारी एक यकृतातली प्रक्रिया मांजरात फारच दुबळी असते. न निचरलेले औषध लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनचे रूप बदलते आणि रक्त प्राणवायू वाहून नेईनासे होते. हिरड्या तपकिरी किंवा निळसर दिसू लागतात, धाप लागते, चेहरा आणि पंजे सुजतात. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मोठ्या मांजराचाही जीव घेऊ शकते. ‘लहान मुलांचे सिरप थोडेसे’ हा हिशोबही धोक्याचाच. आयबुप्रोफेन आणि तत्सम वेदनाशामकांनाही पेटीत जागा नाही.

घरातली जंतुनाशकेही तपासून घ्यावीत. फिनॉल वर्गातली, पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारी जंतुनाशके आणि टी ट्री तेल मांजराला विषारी असते. हायड्रोजन पेरॉक्साइड जखमेतल्या जंतूंबरोबर भरून येणाऱ्या पेशीही जाळतो. उलटी करवण्यासाठी तो पाजला, तर मांजराच्या जठराला रक्तस्रावी सूज येऊ शकते. मिठाचे पाणी पाजून उलटी करवणेही तितकेच घातक.

काय ठेवावे

सुरुवात मोठ्या जाड टॉवेलपासून. दुखावलेले मांजर मालकालाही चावते, म्हणून मान आणि पाय आत घेऊन फक्त चेहरा व दुखरा पाय बाहेर राहील अशी गुंडाळी करावी लागते. जखमेसाठी न चिकटणारे निर्जंतुक पॅड, १० × १० सेंटिमीटरचे गॉजचे तुकडे, मऊ कापसाचा रोल, स्वतःलाच चिकटणारी ५ सेंटिमीटर रुंदीची बँडेज आणि बोथट टोकाची कात्री लागते. कापूस थेट जखमेवर ठेवायचा नाही, कारण त्याचे तंतू आत अडकतात. तो फक्त गादी म्हणून वरच्या थरात वापरायचा.

धुण्यासाठी ०.९ टक्के सलाईनची बाटली उत्तम. ती नसेल तर उकळून कोमट केलेल्या अर्धा लिटर पाण्यात जेमतेम एक सपाट चहाचा चमचा मीठ विरघळवावे. सोबत सुई नसलेली २० मिलिलिटरची सिरिंज हवी. तिच्या धारेने माती आणि केस निघून जातात, पुसल्याने ते आत रुततात. पोव्हिडोन आयोडीन वापरायचे तर १० टक्क्यांच्या द्रावणातले १ मिलिलिटर १०० मिलिलिटर पाण्यात घालावे. रंग फिक्या चहासारखा दिसला की प्रमाण बरोबर. बाटलीतले गडद द्रावण तसेच लावू नये.

याशिवाय गोचीड काढायचा चिमटा, तुटलेल्या नखाचे रक्त थांबवणारी पावडर (ती नसेल तर मक्याचे पीठ), गळ्यात घालायची शंकूसारखी कॉलर, टॉर्च आणि भांडी घासायचा द्रव साबण. साबण कशाला, असे वाटेल. कुत्र्याचे परमेथ्रिन असलेले पिसवांचे औषध चुकून मांजराच्या पाठीवर पडले, तर ते कोमट पाण्याने व साबणाने लगेच धुऊन तडक दवाखाना गाठायचा असतो. उशीर झाला की थरथर आणि झटके सुरू होतात. ते सुरू झाले असतील तर धूत बसू नये.

उदाहरण: काचेने कापलेला पंजा

पंजाच्या गादीत रक्तवाहिन्या भरपूर असल्याने लहान कापही फरशीभर रक्त करतो. आधी मांजर टॉवेलात घ्यावे. काच वर दिसत असेल आणि सैल असेल तरच चिमट्याने काढावी. खोल रुतलेली तशीच ठेवून तिच्यावर दाब न देता निघावे. काच नसेल तर दुमडलेला गॉज जखमेवर दाबून पाच मिनिटे घड्याळ लावून धरावा. इथे हमखास चूक होते: थांबले का हे पाहायला दर अर्ध्या मिनिटाला गॉज उचलला जातो आणि नुकती धरलेली गुठळी निघून येते. गॉज भिजला तर त्यावरच दुसरा ठेवावा.

रक्त थांबले की सलाईनची हलकी धार सोडावी. मग न चिकटणारे पॅड, बोटांच्या फटींत थोडा कापूस, त्यावर कापसाच्या रोलचे दोन-तीन वेढे. शेवटची बँडेज रोलमधून थेट ताणून गुंडाळली की ती नंतर आवळते. म्हणून हवी तेवढी आधी उलगडून सैल करावी आणि बोटांकडून वर गुंडाळत न्यावी. मधल्या दोन बोटांची टोके उघडी ठेवावीत. ती गार पडली, सुजली किंवा त्यांची नखे एकमेकांपासून फाकू लागली, तर बँडेज घट्ट झाली आहे; ती लगेच कापून काढावी. पट्टी ओली होऊ देऊ नये आणि त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवावे. दहा मिनिटे दाबूनही रक्त थांबले नाही, तर पट्टीच्या नादी न लागता दाब ठेवूनच निघावे.

दुसऱ्या मांजराच्या चाव्याची जखम याच्या उलट फसवी असते. सुळ्याचे भोक एवढेसे, रक्त जवळजवळ नाही, कातडी लगेच मिटते आणि जंतू आत कोंडले जातात. दोन-चार दिवसांनी तिथे गरम, दुखरी गाठ येते. अशी जखम धुवावी, पण बांधू नये. पशुवैद्यकाला मात्र दाखवावी.

थर्मामीटर

लवचिक टोकाचा डिजिटल थर्मामीटर आणि जेली ठेवावी. ताप गुदद्वारातून मोजतात. टोक जेमतेम २ सेंटिमीटर आत जावे. ३८.१ ते ३९.२ अंश सेल्सियस हे साधारण तापमान, म्हणजे माणसाला ज्याला ताप म्हणतात ते मांजराचे नेहमीचे. ४० च्या वर गेले तर त्याच दिवशी दाखवावे. आजारी मांजर ३७.५ च्या खाली गेले तर ते अधिक गंभीर; टॉवेलात गुंडाळून लगेच न्यावे. मांजर झोंबू लागले तर मोजणे सोडून द्यावे.

पेटी न उघडता निघावे असे प्रसंग

तोंड उघडे टाकून धापा टाकणे. बोका वारंवार मातीच्या ट्रेमध्ये बसतो पण लघवी होत नाही. लिलीचे पान, फूल किंवा परागही पोटात गेला. यांत घरात करण्यासारखे काही नाही. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबत असेल तर तो ओढू नये: दुसरे टोक जिभेखाली किंवा आतड्यात अडकलेले असते आणि ओढल्यावर ताणलेला दोरा आतडे कापतो.

झाकणाच्या आत मांजराचे ताजे वजन, पशुवैद्यकाचा आणि रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा फोन नंबर चिकटवावा. सलाईनची फोडलेली बाटली त्याच दिवशी टाकून द्यावी. पेटी मांजर नेण्याच्या पिंजऱ्याशेजारीच असू द्यावी, कारण निघताना दोन्ही एकदमच लागतात.