स्वाहिली व इंडोनेशियन प्रेमवचने

रोजच्या वापरातील थोड्या साध्या शब्दांपासून बनणारी प्रेमव्यक्तीची रूढ वाक्ये व संबोधने. स्वाहिली ही पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची बांटू भाषा, तर इंडोनेशियन ही मलायवर उभी राहिलेली ऑस्ट्रोनेशियन भाषा. दोहोंचे कूळ वेगळे आहे. दोन्ही भाषा बंदरांतून व्यापाराबरोबर पसरल्या आणि दोन्हींच्या प्रमाणीकरणात १९२८ हे वर्ष महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी मोंबासा येथील परिषदेत झांझिबारची बोली प्रमाण स्वाहिलीचा पाया म्हणून निवडली गेली, आणि जकार्तातील युवक मेळाव्याने इंडोनेशियन ही ऐक्याची भाषा म्हणून स्वीकारली. प्रेमाच्या भाषेपुरता दोहोंतील मुख्य फरक आदरार्थाचा आहे. स्वाहिलीच्या सर्वनामांत ‘तू’ व ‘आपण’ असा भेद नाही. इंडोनेशियनमध्ये सर्वनाम किंवा त्याच्या जागी नात्याचा शब्द निवडल्याशिवाय प्रेमाचे वाक्य सुरूच होत नाही.

स्वाहिली : ‘नाकुपेंदा’ या एका शब्दात कर्ता, काळ, कर्म व क्रिया अशी चारही अंगे येतात. ‘कु’ म्हणजे तुला आणि ‘पेंदा’ म्हणजे आवडणे किंवा प्रेम करणे. चहा आवडतो हे सांगायलाही हेच क्रियापद चालते (‘नापेंदा चाइ’). उरलेल्या ‘ना’ या आद्याक्षराबद्दल मात्र मतभेद आहेत. एका मतानुसार ‘निनाकुपेंदा’ या पूर्ण रूपातील ‘नि’ (मी) बोलताना गळून ‘नाकुपेंदा’ उरले. तसे असल्यास यातील काळ चालू वर्तमान ठरतो. दुसऱ्या मतानुसार येथे ‘आ’ हा निराळा, सामान्य वर्तमानाचा प्रत्यय असून ‘नि’ आणि ‘आ’ यांच्या संधीतून ‘ना’ झाले. या मताप्रमाणे वाक्याचा रोख ‘सध्या प्रेम करतो आहे’ असा न राहता ‘प्रेम करतो, हे असे आहे’ असा होतो.

प्रथमपुरुषी एकवचनात दोन्ही वाटा एकाच रूपाशी येऊन थांबतात. अनेकवचनात त्या वेगळ्या ओळखता येतात : पहिल्या काळात ‘तुनाकुपेंदा’, दुसऱ्यात ‘त्वाकुपेंदा’. नकारार्थी रूपाची येथे मदत होत नाही, कारण दोन्ही काळांचा नकार ‘सिकुपेंदी’ असाच होतो. दुसऱ्या काळात आणखी एक अडचण आहे. ‘वानिपेंदा’ याचा अर्थ ‘तू माझ्यावर प्रेम करतोस’ असा होतो, तसाच ‘ते माझ्यावर प्रेम करतात’ असाही होतो, आणि कवींनी ही संदिग्धता जपलेली दिसते. ‘आ’ काळ किनारी बोलींत व पद्यात अधिक जिवंत आहे. टांझानियातील आजच्या बोलण्यात तो मागे पडला असल्याने तेथील ‘नाकुपेंदा’ हे संक्षिप्त रूप मानणे अधिक सयुक्तिक वाटते. जुन्या किनारी काव्यातील त्याच शब्दाला हा निर्णय लावणे मात्र घाईचे ठरेल.

‘पेंदा’ या धातूला प्रत्यय लावून पुढची शब्दसंपत्ती तयार होते. ‘पेंदाना’ म्हणजे एकमेकांवर प्रेम करणे आणि ‘पेंदेझा’ म्हणजे मोहक वाटणे. ‘म्पेंझी’ म्हणजे प्रिय व्यक्ती. ‘मापेंझी’ हे स्त्रीपुरुषांमधील प्रेम. ‘उपेंदो’ हे अधिक व्यापक प्रेम असून तो शब्द ख्रिस्ती धर्मभाषेत विशेष रुळला आहे. अरबीतून आलेले ‘माहाबा’ व ‘हुबा’ हे शब्द किनारपट्टीच्या काव्यात अधिक आढळतात.

जिव्हाळ्याचा एक मार्ग नामवर्गातून जातो. स्वाहिलीत नामांचे वर्ग असतात आणि विशेषणे व स्वामित्वदर्शक रूपे वर्गानुसार बदलतात. माणसांच्या वर्गातील ‘म्पेंझी वांगू’ (माझी प्रिया, माझा प्रियकर) हे सरळ संबोधन. तीच व्यक्ती ‘कि’ या वस्तुवाचक व लघुत्वदर्शक वर्गात नेली की ‘किपेंझी चांगू’ होते आणि त्यात लाडकेपणा येतो. पुढचे क्रियापद मात्र माणसासाठी असते तसेच राहते : ‘किपेंझी चांगू आमेकुजा’, म्हणजे माझी लाडकी आली. उलट ‘असाली वा मोयो’ (हृदयाचा मध) यात मध ही वस्तू असूनही ‘वा’ हे माणसांच्या वर्गाचे रूप येते, कारण बोलणाऱ्याच्या मनात व्यक्ती असते.

सर्वनामांत पायऱ्या नसल्याने आदर इतरत्र राहतो, मुख्यतः अभिवादनात व पदव्यांत. वडीलधाऱ्यांना ‘शिकामो’ म्हणतात आणि ते ‘माराहाबा’ असे उत्तर देतात. ‘शिका’ (धरणे) व ‘म्गु’ (पाय) यांपासून, म्हणजे ‘पाय धरतो’ या अर्थाच्या वाक्यापासून, हा शब्द आला अशी व्युत्पत्ती बहुतेक देतात. हे अभिवादन वयाचे अंतर मान्य करते. म्हणूनच जिच्याकडून किंवा ज्याच्याकडून आशा आहे त्या व्यक्तीने ‘शिकामो’ म्हटले तर विषय तेथेच संपतो. विवाहानंतर मूल झाले की पतिपत्नी एकमेकांना मुलाच्या नावाने, ‘बाबा अमुक’ व ‘मामा अमुक’ असे हाक मारतात. चारचौघांत नाव न घेता जवळीक सांगण्याची ही रीत मराठी घरांनाही परकी नाही.

क्रियापदाच्या रूपातही मृदूपणा साधता येतो. कर्मप्रत्यय लागलेल्या आज्ञार्थाचा शेवट ‘ए’ होतो. ‘निपेंदे’ म्हणजे माझ्यावर प्रेम कर. हे रूप विनंतीवाचक रूपाच्या इतके जवळ आहे की आज्ञेचा कठोरपणा आधीच कमी झालेला असतो. कर्त्याचा प्रत्यय जोडून ‘उनिपेंदे’ म्हटले की ते ‘प्रेम करावेस’ असे होते. पत्राच्या शेवटी ‘वाको आकुपेंदाये’ (तुझा, तुझ्यावर प्रेम करणारा) असे लिहिण्याची पद्धत आहे. त्यातील कालनिरपेक्ष रूप लेखी भाषेतच अधिक दिसते.

इंडोनेशियन : ‘आकू चिंता कामू’ (मी, प्रेम, तू) हे तीन शब्दांचे वाक्य सर्वपरिचित आहे. लेखी किंवा काव्यात्म वळण हवे तेथे ‘आकू चिंता पादामु’ किंवा प्रत्ययांनी बांधलेले ‘आकू मेंचिंताइमु’ वापरतात. ‘सुका’ म्हणजे आवडणे (संस्कृत सुख), ‘रिंदू’ म्हणजे विरहाची ओढ, आणि ‘सायांग’ हा मूल, प्रियजन व जोडीदार या सर्वांना चालणारा शब्द. नुकसान झाले की ‘सायांग’ म्हणून हळहळही व्यक्त करतात. ‘कासिह’ हा शब्द ‘तेरिमा कासिह’ (कासिह स्वीकारतो, म्हणजेच आभार) या नित्याच्या प्रयोगातही आहे.

‘चिंता’ हा शब्द संस्कृतातून आला, यावर मतैक्य आहे. कोणत्या संस्कृत शब्दातून, यावर नाही. मराठीप्रमाणेच मूळ ‘चिंता’ (विचार, काळजी) हा एक पर्याय आणि ‘चित्त’ हा दुसरा. ‘चित्त’ हे रूप जुन्या मलायमध्ये फार लवकर दिसते : सुमात्रातील तालांग तुवो येथील ६८४ मधील शिलालेखात ‘बोधिचित्त’ हा समास आहे. आजच्या ‘चिता-चिता’ (आकांक्षा), ‘सुकाचिता’ (आनंद) व ‘दुकाचिता’ (शोक) या शब्दांत ते टिकून आहे. दोन्ही शब्द उच्चाराने जवळचे असल्याने त्यांचे अर्थ एकमेकांत मिसळले असणे शक्य आहे. तरी ‘चिंता’ हेच मूळ मानणाऱ्यांची बाजू अधिक बळकट दिसते, कारण अभिजात मलाय गद्यात या शब्दाला काळजी, झुरणे व दुःख असे अर्थ आहेत आणि ‘पेर्चिंताआन’ म्हणजे बहुधा शोक. काळजीकडून विरहाकडे व विरहाकडून प्रेमाकडे हा अर्थप्रवास सलग लागतो.

आदराचा प्रश्न सर्वनामांत येतो. ‘मी’साठी जवळिकीचा ‘आकू’ आणि सभ्य ‘साया’ आहेत. ‘साया’चे जुने रूप ‘सहाया’ (दास) असून ते संस्कृत ‘सहाय’शी जोडले जाते. ‘तू’साठी ‘कामू’, ‘काउ’ व ‘आंदा’ आहेत. प्रार्थनेत ईश्वराला ‘एंकाउ’ म्हणजेच जवळिकीचे सर्वनाम लावतात, त्यामुळे ते उद्धटच आहे असे म्हणता येत नाही. ‘साया मेंचिंताइ आंदा’ हे वाक्य व्याकरणशुद्ध आहे, पण ते प्रेमाचे वाटत नाही. ते जाहिरातीतले किंवा अनुवादातले वाटते.

‘आंदा’चा इतिहास या संदर्भात लक्षणीय आहे. इंग्रजीतील सर्वांना चालणाऱ्या सर्वनामासारखा शब्द हवा म्हणून १९५७च्या सुमारास रोसिहान अन्वर यांच्या ‘पेदोमान’ या वृत्तपत्रातून तो पुढे आला. तो सुचविण्याचे श्रेय साबिरिन या वायुदलातील अधिकाऱ्याला दिले जाते. शब्द घेतला तो मलाय दरबारी लेखनातील ‘-आंदा’ किंवा ‘-ंदा’ या प्रत्ययावरून. हा प्रत्यय नात्याच्या शब्दांना लागून आदर व माया एकाच वेळी दाखवीत असे : ‘आयाहांदा’ (पिताजी), ‘इबुंदा’ (माता), ‘काकांदा’ (थोरला), ‘आदिंदा’ (धाकटी). शेवटचे दोन शब्द जुन्या प्रेमपत्रांत व गीतांत प्रियकर आणि प्रेयसी यांच्यासाठी ‘कांदा’ व ‘दिंदा’ असे येतात. नात्याच्या शब्दापासून तुटल्यावर प्रत्ययातील माया गेली व औपचारिकता उरली. ‘इबुंदा’पासून झालेला ‘बुंदा’ मात्र आजच्या घरांत आईसाठी व पत्नीसाठी प्रेमाने वापरला जातो.

प्रत्यक्ष व्यवहार एका उदाहरणाने पाहता येतो. जावातील एखाद्या कचेरीतील दोन सहकारी सुरुवातीला स्वतःला ‘साया’ म्हणतात आणि समोरच्याला ‘मास’ (दादा) किंवा ‘म्बाक’ (ताई) लावून नावाने हाक मारतात. एके दिवशी तो स्वतःसाठी ‘आकू’ वापरतो. तिनेही ‘आकू’ म्हटले तर दार उघडले. ती ‘साया’वरच राहिली तर सौम्य शब्दांत नकार पोचला. प्रेमाचा शब्द अजून उच्चारलेलाच नसतो. पुढे ‘कामू’ व त्यानंतर ‘सायांग’ येते. विवाहानंतर ती बहुधा पुन्हा ‘मास’कडे वळते आणि तो ‘दिक’ (धाकटी) म्हणतो; ‘मास सायांग दिक’ या वाक्यात सर्वनामच नाही, दोन्ही जागी नाती आहेत. येथे ‘मास’ने दुरावा येत नाही, कारण थोरला व धाकटी ही जोडी घरातली आहे. मूल झाल्यावर ‘आयाह’ व ‘बुंदा’. भांडणात मात्र कोणी एकाएकी ‘साया’ व ‘आंदा’वर आले तर आवाज न चढवताही राग कळतो. सुंदा भागात ‘मास’च्या जागी ‘आ’ किंवा ‘अकांग’, मिनांगकाबाउंमध्ये ‘उदा’ व इतरत्र ‘आबांग’ येते.

या सवयीमागे जावानीज भाषेचे वजन आहे. तिच्यात ‘न्गोको’ (साधा) व ‘क्रोमो’ (आदराचा) असे स्तर असून शब्दच बदलतात. साध्या स्तरात ‘आकू त्रेस्ना कारो कोवे’, आदराच्या स्तरात ‘कुला त्रेस्ना दातेंग पांजेनेंगान’. प्रेमाचा ‘त्रेस्ना’ (संस्कृत तृष्णा) तेवढा दोन्हीकडे एकच. जुन्या सरदारी घरांत पत्नी पतीशी क्रोमोत बोले व पती न्गोकोत उत्तर देई. तेथे क्रोमोला परकेपणाचा अर्थ नव्हता. तो अर्थ समवयस्कांनी तेच रूप वापरल्यास येतो.

शहरी बोली : जकार्तात होक्क्येन चिनीतून आलेले ‘गुए’ (मी) व ‘लो’ (तू) मित्रांत चालतात. ‘गुए सायांग लो’ हे बोलले जाते. ‘गुए चिंता लो’ चेष्टेचे वाटते, कारण ‘चिंता’ हा शब्द वरच्या सुराचा आहे. नैरोबीच्या बोलीत इंग्रजी धातू स्वाहिली प्रत्ययांत बसवून ‘नाकुमिस’ (तुझी आठवण येते) अशी रूपे होतात. त्यांतही कर्माचा ‘कु’ आपल्या जागी राहतो.