व्यवसाय कर्ज व गहाणखतावर सही करण्यापूर्वी : कसुरीची कलमे कशी वाचावीत

कर्ज बुडते ते हप्ते थकल्यामुळे, असा बहुतेक ग्राहकांचा समज असतो; प्रत्यक्षात करारातील ‘कसूर’ या कलमात हप्त्याशिवाय इतर अनेक गोष्टी मोडतात. स्टॉक स्टेटमेंट उशिरा देणे, तारण मालमत्तेचा विमा खंडित होणे, बँकेला न कळवता भागीदार बदलणे, इतकेच नव्हे तर ‘बँकेच्या मते प्रतिकूल बदल’ घडणे, हेही त्यात असू शकते. आमच्या मते यांतील शेवटचे वाक्य सर्वांत घातक आहे, कारण ते पूर्णपणे बँकेच्या मर्जीवर चालते.

उदाहरणादाखल, एका कारखानदाराने 60 लाखांचे मुदत कर्ज 11 टक्के दराने दहा वर्षांसाठी घेतले असून त्याचा हप्ता सुमारे 82,650 रुपये आहे, असे समजू. तीन वर्षे हप्ते वेळेवर गेल्यावर 48 लाखांच्या आसपास बाकी उरते. त्याच बँकेतील त्याच्या कॅश क्रेडिट खात्यावर मात्र मर्यादेपेक्षा दोन लाख जास्त उचल झाली. करारात ‘एका खात्यातील कसूर ही सर्व खात्यांतील कसूर’ असे कलम असेल, तर बँक संपूर्ण कर्ज परत मागवू शकते आणि एकही हप्ता न चुकलेले 48 लाख एकरकमी देय होतात. येथे घासाघीस करावी ती दोन मुद्द्यांवर: कर्ज परत मागवण्यापूर्वी लेखी नोटीस मिळावी आणि चूक दुरुस्त करण्यास किमान 30 दिवस मिळावेत. अर्थात, कॅश क्रेडिटमधील जादा उचल सलग 90 दिवसांहून अधिक राहिली, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार त्या कर्जदाराची सर्वच खाती एनपीए म्हणजे अनुत्पादक ठरतात. तेथे कराराची सवलत उपयोगी पडत नाही.

खाते एनपीए झाल्यावर बँकेला न्यायालयात न जाता तारण मालमत्तेतून वसुली करू देणारा सरफेसी कायदा, 2002 लागू होतो. कलम 13(2) ची थकबाकी भरण्याची नोटीस 60 दिवसांची असते. या मुदतीत लेखी हरकत घेतल्यास बँकेने 15 दिवसांत सकारण उत्तर देणे बंधनकारक आहे, म्हणून हरकत तोंडी न घेता पोच घेऊनच द्यावी. त्यानंतर बँक ताबा घेऊ शकते व त्याविरुद्ध 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. मात्र पूर्ण बाकी व खर्च भरून मालमत्ता सोडवण्याचा हक्क लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच टिकतो. लिलावाच्या दिवशी पैसे घेऊन गेल्यास उशीर झालेला असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये बाफना मोटर्स प्रकरणात स्पष्ट केले आहे.

करार तपासून घेण्यासाठी येताना गहाणखत व जामीनपत्राबरोबर मंजुरीपत्रही आणावे, कारण ‘मंजुरीपत्रातील अटी या कराराचा भाग समजाव्यात’ या एका ओळीमुळे कसुरीच्या अटी पुष्कळदा तेथेच लपलेल्या असतात.