गृहकर्ज फिटल्यावर नो ड्यूज दाखला आणि मूळ कागदपत्रे (गोवा)

घरासाठी काढलेले कर्ज फिटले की बँकेकडून दोन गोष्टी घ्यायच्या असतात: येणे काही उरले नाही असा नो ड्यूज दाखला आणि तारण ठेवलेली मूळ कागदपत्रे. गोव्यात त्यांत सर्वांत मोलाचे म्हणजे उपनिबंधकाच्या शिक्क्याचे मूळ विक्रीखत. आधीच्या मालकांची खते आणि ऑक्युपन्सी दाखलाही बहुधा त्यासोबत असतो.

रिझर्व्ह बँकेने 13 सप्टेंबर 2023 रोजी काढलेला आदेश 1 डिसेंबर 2023 पासून लागू आहे. त्यानुसार कर्ज पूर्ण फिटल्यापासून 30 दिवसांत मूळ कागदपत्रे परत करून नोंदलेला बोजाही उतरवावा लागतो. बँकेच्या चुकीने उशीर झाल्यास दर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यावी लागते. कागदपत्रे हरवली, तर नक्कल मिळवून देण्याचा खर्च बँकेचा; त्यासाठी तिला आणखी 30 दिवस मिळतात.

घोटाळा होतो तो 'पूर्ण फिटले' या शब्दांवर. समजा, फोंड्यातल्या एका फ्लॅटचा शेवटचा हप्ता 5 मे रोजी खात्यातून वळता झाला, पण उशिराच्या दंडाचे 312 रुपये बाकी राहिले. ते भरेपर्यंत मुदत सुरूच होत नाही. म्हणून त्याच आठवड्यात शाखेतून कर्जखात्याचा उतारा घेऊन शिल्लक शून्य असल्याची खात्री करावी आणि कागदपत्रांसाठी लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. बाकी काही नव्हती आणि बँकेच्याच दिरंगाईने कागद 24 जूनला मिळाले, तर 4 जूनला मुदत संपल्यामुळे 20 दिवसांचे एक लाख रुपये मागता येतात. बँकेने तक्रारीला 30 दिवसांत उत्तर दिले नाही किंवा ते पटले नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते.

कागद ताब्यात घेताना कर्जाच्या वेळी मिळालेली यादी समोर ठेवावी आणि विक्रीखताचे पान न् पान मोजूनच सही करावी. सही झाल्यावर कमी पडलेले पान सिद्ध करणे फार अवघड.

नुसती कागदपत्रे जमा करून दिलेले तारण दस्त म्हणून नोंदलेले नसेल, तर ते उपनिबंधकाच्या निल इन्कम्बरन्स दाखल्यात दिसत नाही. त्यामुळे तो दाखला कोरा आला तरी सरसाई या तारणांच्या केंद्रीय नोंदणीतला बोजा उतरला का, हे वेगळे तपासावे लागते. गहाणखत नोंदलेले असेल तर मुक्तिपत्रही नोंदवून घ्यावे.

कर्जदार वारला असेल तर कागद वारसांना मिळतात. त्यासाठीची पद्धत प्रत्येक बँकेने संकेतस्थळावर द्यायची असते. गोव्यात वारस ठरवण्यासाठी विशेष नोटरीपुढचे वारसापत्र किंवा इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी ठरवणारी कोर्टातली कारवाई, ही वाट आहे.

पतसंस्थेच्या कर्जाला मात्र हा आदेश लागत नाही. तिथे दाद सहकारी संस्थांच्या निबंधकाकडे मागावी लागते.