‘दोन हजार लोकांची तपासणी’ हे आउटकम नाही

फिरत्या नेत्रतपासणी दवाखान्याच्या प्रस्तावांचा आराखडा आता बहुतेकांना पाठ असतो: समस्या, उद्दिष्टं, उपक्रम, अंदाजपत्रक, देखरेख. ध्येय आणि उद्दिष्ट यांत थोडी गल्लत झाली तरी फार बिघडत नाही. ध्येय दूरचं आणि उद्दिष्ट मुदतीतलं, एवढं लक्षात ठेवलं की झालं. पण आउटपुट आणि आउटकम यांची सरमिसळ झाली की सगळा प्रस्ताव कोसळतो, आणि नेमकी तीच वारंवार दिसते. आउटकमच्या रकान्यात ‘दोन हजार लोकांची तपासणी होईल’ असं लिहिलेलं असतं आणि त्याखाली हमखास ‘जनजागृती होईल’. ही दुसरी ओळ तर मी वाचताक्षणी खोडतो.

आउटपुट तुम्हाला माहीतच आहे: गाडी किती वस्त्यांवर गेली, किती जणांचे डोळे तपासले, किती चष्मे दिले. यातलं सगळं तुमच्या हातात असतं. आउटकम मात्र त्या माणसाच्या डोळ्यात घडतं, तेही गाडी निघून गेल्यावर. म्हणून माझी कसोटी साधी आहे. जो आकडा त्याच संध्याकाळी गाडीत बसून नोंदवहीत भरता येतो, तो आउटपुट. ज्यासाठी त्या माणसाला पुन्हा गाठावं लागतं, तो आउटकम.

समजा, वर्षभरात दोन हजार जण तपासले. रोज वापरतात तो चष्मा लावूनही, सहा मीटरवरच्या तक्त्यातली ६/१२ ची ओळ पाचशे जणांना वाचता आली नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे पिनहोल, म्हणजे बारीक भोकाची पट्टी, धरल्यावर तीनशे जणांना ती ओळ दिसली. म्हणजे त्यांचा दोष बहुधा चष्म्याच्या नंबरचा. उरलेल्या दोनशे जणांना रुग्णालयात जायची चिठ्ठी दिली, त्यात एकशे चाळीस जणांना मोतीबिंदूचा संशय. बहुतेक प्रस्ताव इथेच टाळ्या घेऊन थांबतात.

खरी गंमत पुढे आहे. त्या एकशे चाळीसपैकी साठच जण रुग्णालयात पोहोचले. पन्नास जणांची शस्त्रक्रिया झाली. सहा आठवड्यांनी दृष्टी मोजायला चव्वेचाळीस जण सापडले आणि त्यातल्या छत्तीस जणांना ६/१२ किंवा त्याहून बरं दिसत होतं. मोतीबिंदूच्या बाबतीत तुमचं आउटकम हे छत्तीस आहे. न सापडलेल्या सहा जणांना ‘बरे झाले’ असं गृहीत धरू नका. ‘माहिती नाही’ असा वेगळा रकाना ठेवा.

आता तोच आकडा उलटा वाचा. सगळ्यात मोठी गळती चिठ्ठी आणि रुग्णालय यांच्यामध्ये आहे: एकशे चाळीसचे साठ. दुसरी गाडी घेऊन ती बुजत नाही. त्यासाठी रुग्णाला आणि सोबत्याला नेण्या-आणण्याचा खर्च लागतो, चिठ्ठीवर ‘रुग्णालयात जा’ याऐवजी ठरलेली तारीख लागते, आणि न आलेल्यांच्या घरी जाणारं वस्तीतलंच कोणीतरी लागतं. आउटकमची ओळ नीट लिहिली की या बाबी अंदाजपत्रकात आपोआप येतात. आउटपुटलाच आउटकम म्हटलं की पैसा गाडी, डिझेल आणि फलकांवरच संपतो. तपासणीच्या दिवशी प्रत्येकाला क्रमांक दिला नाही, तर सहा आठवड्यांनी कोणाला शोधायचं हेही कळणार नाही.

चष्म्याचंही तसंच. तीनशे चष्मे वाटले हे आउटपुट. तीन महिन्यांनी न सांगता वस्तीवर गेल्यावर किती जणांच्या डोळ्यांवर चष्मा आहे, हे आउटकम. आधी निरोप पाठवून गेलात तर पेटीतले चष्मेही बाहेर येतात.

‘रुग्णालयात पोहोचले’ हा आकडा कुठे टाकायचा यावर वाद होतो. मी तो मधल्या टप्प्याचं आउटकम म्हणून वेगळा दाखवतो, कारण तो तुमच्या हातात पूर्णपणे नसतो, पण त्याने कोणाची दृष्टीही सुधारलेली नसते.

उलट्या टोकाची चूकही होते: ‘परिसरातलं अंधत्व निम्म्यावर आणू’. एका गाडीच्या नोंदवहीतून हे कधीच सिद्ध होत नाही. जागतिक आरोग्य सभेने २०२१ मध्ये २०३० साठी जी लक्ष्यं मान्य केली, त्यातलं मोतीबिंदूचं लक्ष्य परिणामकारक शस्त्रक्रियांच्या व्याप्तीचं आहे, म्हणजे शस्त्रक्रियेची गरज असलेल्यांपैकी किती जणांना ती मिळून चांगलं दिसू लागलं याचं, आणि ती व्याप्ती सगळ्या लोकसंख्येतून नमुना घेऊन मोजतात. तुमच्या नोंदवहीत गाडीपर्यंत आलेलेच लोक असतात. ज्यांना अजिबात दिसत नाही, ते पुष्कळदा घराबाहेरच पडलेले नसतात. म्हणून छत्तीस भागिले एकशे चाळीस या टक्केवारीला ‘व्याप्ती’ म्हणू नका. ‘चिठ्ठी दिलेल्यांपैकी चांगली दृष्टी मिळालेले’ असंच लिहा.