लो-ई काच (खानदेशातील वापर)

दुहेरी काचेच्या खिडकीत पोकळीकडच्या एका बाजूवर धातूचा किंवा धातूच्या ऑक्साइडचा अतिपातळ, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा लेप दिलेला असतो. असा लेप असलेल्या काचेला ‘लो-ई’ काच म्हणतात. लेपाचे काम काचेची उष्णता-उत्सर्जकता कमी करणे हे आहे. गरम वस्तू आपली उष्णता किती सहज किरणांच्या रूपात बाहेर टाकते, याचे माप म्हणजे उत्सर्जकता. साध्या काचेची उत्सर्जकता ०.८४ असते, तर चांदीचा लेप असलेल्या काचेची ०.०५ च्या आसपास किंवा त्याहूनही कमी. निळ्या, करड्या किंवा आरशासारख्या चमकणाऱ्या काचेलाही बाजारात सर्रास लो-ई म्हणून खपवले जाते. प्रत्यक्षात काचेच्या रंगाचा या गुणाशी संबंध नाही.

दोन काचांमध्ये १२ मिलिमीटर कोरडी हवा असेल, तर गरम काचेकडून थंड काचेकडे जाणाऱ्या उष्णतेचा साठ टक्क्यांहून अधिक भाग किरणांनी ओलांडतो आणि उरलेला हवेतून. त्यामुळे पोकळी कितीही चांगली बंद केली, तरी किरणांची वाट उघडीच राहते. चार पृष्ठांपैकी पोकळीकडच्या एकाच पृष्ठावर लेप दिला की ही वाट जवळजवळ बंद होते. म्हणून साध्या दुहेरी काचेचे यू-मूल्य (एका चौरस मीटरमधून, एक अंश तापमानफरकाला, जाणारी उष्णता वॅटमध्ये) सुमारे २.८ असते, ते लेपाने १.६ ते १.८ वर येते. एकेरी काचेचे यू-मूल्य ५.७ आहे. दुहेरी काचेत हवेऐवजी आरगॉन वायू भरला, तर तिचे यू-मूल्य आणखी थोडे उतरते.

इथवरचे गणित थंड देशांना पुरते. जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात मात्र मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि खोलीत येणारी बहुतेक उष्णता थेट उन्हाने येते, हवेच्या तापमानफरकाने नाही. इथे एसएचजीसी हा दुसरा आकडा मोठा ठरतो. काचेवर पडलेल्या उन्हाच्या उष्णतेपैकी किती हिस्सा घरात पोहोचतो, ते हा आकडा सांगतो. साध्या एकेरी काचेचा तो ०.८२, साध्या दुहेरीचा सुमारे ०.७२ असतो. लो-ई काचेचे मात्र दोन निराळे प्रकार आहेत. एकात ऊन आत येऊ द्यायचे आणि घरातली ऊब अडवायची. त्याचा आकडा ०.६ च्या वर राहतो. दुसऱ्यात चांदीचे दोन किंवा तीन थर असे बसवलेले असतात की दृश्य प्रकाश आत येतो, पण उन्हातले डोळ्यांना न दिसणारे, उष्णता वाहणारे किरण परत फिरतात. त्याचा आकडा ०.४ च्या खाली जातो. दोन्ही प्रकारांचे यू-मूल्य जवळपास सारखे असू शकते. नुसते ‘लो-ई’ म्हणून मागवलेली काच खानदेशात अर्धवट काम करते, ती यामुळे.

जळगावातल्या एका पश्चिमेच्या खिडकीचा ढोबळ हिशोब पाहू. काच दीड चौरस मीटर, वेळ मे महिन्यातली दुपारी चार, बाहेर ४४ अंश, आत एसीने २६, म्हणजे फरक १८ अंश. पश्चिमेच्या उभ्या काचेवर दर चौरस मीटरला ६०० वॅट ऊन धरू. एकेरी काचेतून तापमानफरकाने सुमारे १५५ वॅट आणि उन्हाने ७४०, मिळून जवळपास ९०० वॅट आत येतात. एक टनाचा एसी पूर्ण क्षमतेने ३५०० वॅट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे त्याचा पाव हिस्सा ही एकच खिडकी खाते. साध्या दुहेरी काचेने हा आकडा सुमारे ७२५ वर येतो. पहिल्या प्रकारच्या लो-ईने ६०० वर, आणि दुसऱ्या प्रकारच्या, ०.३६ एसएचजीसी असलेल्या काचेने ३७० वर. या शेवटच्या दोन काचांचे यू-मूल्य १.६ च होते. फरक सगळा उन्हाचा.

त्याच खिडकीवर एकेरी काच तशीच ठेवून बाहेरच्या बाजूने बांबूचा पडदा सोडला आणि त्याने दोन तृतीयांश ऊन अडवले, तर आत येणारी उष्णता सुमारे ४०० वॅट होते. महागड्या काचेच्या जवळपास तेवढीच. पडदा काचेच्या आतून लावला तर हा फायदा बराचसा जातो, कारण ऊन काच ओलांडून आलेले असते. लेपाचा खरा उपयोग तिथे आहे जिथे बाहेर पडदा सोडता येत नाही किंवा उजेड आणि दृश्य हवे असते.

दिशेचा विचारही इथला निराळा. हा प्रदेश २१ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास असल्याने मे अखेरीस मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. दक्षिणेच्या खिडकीला तेव्हा साधा छज्जा पुरतो. पूर्व-पश्चिमेचे ऊन तिरपे येते आणि छज्ज्याखालून थेट शिरते. पैसा मोजका असेल तर चांगली काच पश्चिमेला आधी बसवावी.

हिवाळ्यात धुळे-जळगावकडे पहाटे तापमान दहा अंशांच्या खाली उतरते. बाहेर ८ आणि आत २० अंश असताना हीच दीड चौरस मीटरची काच एकेरी असल्यास सुमारे १०० वॅट, साधी दुहेरी असल्यास ५० आणि लेपाची असल्यास ३० च्या आत उष्णता गमावते. आतल्या पृष्ठाचे तापमान एकेरी काचेत साधारण ११ अंश, लेपाच्या काचेत १७ च्या वर राहते. खिडकीशेजारी झोपणाऱ्याला हा फरक अंगावर जाणवतो. डिसेंबरात दक्षिणेचे मध्यान्हीचे ऊन ४५ अंशांच्या उंचीने खोलीत येते आणि ऊन अडवणारी काच तेही अडवते. पण इथे घरे तापवायला हीटर क्वचितच लागत असल्याने हा तोटा सोसण्यासारखा आहे.

लेप कुठे आहे हे रात्री आगकाडी पेटवून पाहता येते. दुहेरी काचेत ज्योतीची चार प्रतिबिंबे दिसतात आणि त्यांपैकी लेपाचे थोडे वेगळ्या रंगाचे असते. घरातून पाहताना जवळून मोजलेले तिसरे प्रतिबिंब वेगळे असेल, तर लेप बाहेरच्या काचेच्या आतल्या बाजूवर आहे. ऊन अडवण्यासाठी हीच जागा योग्य, कारण काचेने शोषलेली उष्णता बाहेरच्या हवेत जाते. दुसरे वेगळे असेल, तर लेप आतल्या काचेवर आहे. ऊन अडवणारे पॅनेल उलटे बसवले तर असेच होते आणि आतली काच तापून खोलीकडे उष्णता फेकत राहते.

चांदीचा लेप हवा आणि ओल लागली की काळवंडतो, म्हणून तो बंद पोकळीतच ठेवावा लागतो. कडेची सील फाटली तर दोन काचांमध्ये धुके किंवा डाग दिसू लागतात. ते पुसता येत नाहीत आणि पॅनेल बदलावे लागते. चौकटीकडेही पाहावे लागते. साध्या ॲल्युमिनियमच्या चौकटीतून उष्णता सहज जाते, त्यामुळे काच १.६ ची असली तरी पूर्ण खिडकीचा आकडा बराच वर राहतो.

खानदेशातल्या बहुतेक घरांत उन्हाळा कूलरवर निघतो, आणि कूलरला हवा बाहेर जाण्यासाठी खिडकी उघडी लागते. उघड्या खिडकीतून गरम हवा आणि ऊन दोन्ही येतात. लेप असलेली काच त्या वेळी बाजूला सरकलेली असते.