उत्तर चुकलं, की प्रश्नच बदलला?

शाळेत सोडवली तसली दोन एकसामयिक समीकरणं घेऊ.

```
०.००००१x + y = १
x + y = २
```

नुसतं पाहूनही कळतं, की x आणि y दोन्ही जवळजवळ १ आहेत. आता हेच गणित अशा यंत्राला देऊ, ज्याला प्रत्येक पायरीवर चारच सार्थ अंक ठेवता येतात. खरा संगणक साधारण सोळा ठेवतो, पण खोड तीच.

x चा लोप करायचा म्हणून पहिलं समीकरण १,००,००० ने गुणून दुसऱ्यातून वजा केलं, की −९९,९९९y = −९९,९९८ उरतं. चार अंकांत दोन्ही आकडे −१,००,००० होतात, म्हणून y = १. ते पहिल्या समीकरणात घातलं, की x = ०. सपशेल चूक.

पण ही चूक मोजायची कशी? खऱ्या उत्तराशी ताडून म्हणावं, तर खरं उत्तर हाती असतं तर यंत्राला विचारलं कशाला असतं? म्हणून प्रश्न उलटा करायचा: मिळालेलं उत्तर नेमक्या कोणत्या समीकरणांचं बिनचूक उत्तर आहे, आणि ती समीकरणं आपल्या समीकरणांपासून किती दूर आहेत? या अंतराला बॅकवर्ड एरर म्हणतात. x = ०, y = १ हे दुसऱ्या समीकरणात घातलं, तर २ ऐवजी १ येतो. x शून्य असल्याने त्याच्या सहगुणकाला हात लावून उपयोग नाही. y चा सहगुणक वाढवायचा आणि उजवीकडचा २ कमी करायचा. दोघांनी भार वाटून घेतला, तरी दोन्ही ४/३ करावे लागतात, म्हणजे प्रत्येकी ३३ टक्के बदल. चार अंकांच्या यंत्राला हे शोभत नाही.

आता फक्त समीकरणांची जागा बदलू. x + y = २ वर ठेवून त्याच्या मदतीने लोप केला, की ०.९९९९९y = ०.९९९९८ येतं. चार अंकांत y = १, मग x = १. पहिल्या समीकरणात १ ऐवजी १.००००१ येतो. उजवी बाजू एवढीशी हलवली, की आपलं उत्तर तंतोतंत बरोबर! जी रीत कोणत्याही समीकरणांवर असंच वागते, म्हणजे शेजारच्याच, आकडे कापण्याच्या चुकीएवढ्याच अंतरावरच्या प्रश्नाचं बिनचूक उत्तर देते, ती बॅकवर्ड स्टेबल.

या विचाराला पक्का पाया दिला ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतल्या जेम्स विल्किन्सन यांनी. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ हॅरल्ड हॉटेलिंग यांनी १९४३ मध्ये अंदाज मांडला होता, की लोपाच्या रीतीत दर नव्या अज्ञातागणिक चूक चौपट होऊ शकते. १८ अज्ञातं असतील, तर दहा अंक पाण्यात. युद्ध संपल्यावर लॅबोरेटरीत खरोखरच १८ समीकरणं टेबलावरच्या गणनयंत्रांनी सोडवली गेली, आणि उत्तरं परत घालून पाहिली तेव्हा दोन्ही बाजू छान जुळल्या. विल्किन्सन यांचं नंतरचं काम हे असं का होतं, ते सांगतं. मात्र लोपाला पूर्ण हमी नाही. दर वेळी सर्वांत मोठा सहगुणक वर घेतला, तरी मधले आकडे भडकतील अशी उदाहरणं मुद्दाम रचता येतात. व्यवहारात ती क्वचितच भेटतात, म्हणून सगळे ही रीत बिनधास्त वापरतात.

पण दोन्ही बाजू जुळल्या म्हणून उत्तर बरोबर, असं समजलात तर फसाल.

```
०.९९x + ०.९८y = १.९७
०.९८x + ०.९७y = १.९५
```

खरं उत्तर x = १, y = १. त्याच यंत्रावर, मोठा सहगुणक वर ठेवून सोडवू. गुणक ०.९८ ÷ ०.९९, म्हणजे ०.९८९९. त्याने ०.९८ ला गुणून ०.९७०१ येतात, ते ०.९७ मधून गेले की −०.०००१ उरतो. उजवीकडे ०.९८९९ × १.९७ चार अंकांत १.९५०, वजा केल्यावर शून्य. म्हणून y = ०, आणि x = १.९९.

हे परत घालून पाहा: १.९७ च्या जागी १.९७०१ आणि १.९५ च्या जागी १.९५०२. दहा हजारांत एखाद्या भागाचा फरक. म्हणजे रीतीने आपलं काम चोख केलं, तरी y शून्यावर गेला. दोष रीतीचा नाही, समीकरणांचाच. त्यांच्या दोन रेषा जवळजवळ एकमेकींवर बसल्या आहेत. किंचित हलवल्या, की छेदनबिंदू लांब सरकतो. हलवणं अगदी सूक्ष्म असेल, तर हे सरकणं जास्तीत जास्त किती पट होईल, ते कंडिशन नंबर सांगतो, आणि इथे तो सुमारे ३९,००० आहे. वरच्या पहिल्या जोडीत तो जेमतेम ४ होता, म्हणून तिथली चूक पूर्णपणे रीतीच्या माथी.

सोळा अंकांच्या संगणकावर दुसऱ्या जोडीचं उत्तर अकरा-बारा अंकांपर्यंत बरोबर येईल, पण ते तेव्हाच उपयोगाचं, जेव्हा सहगुणक स्वतः पक्के असतील. ते मोजून आणलेले असतील आणि ०.९७ खरं तर ०.९७०१ असेल, तर कागदावर एकही अंक न कापता बिनचूक उत्तर येतं: x = −९७, y = १००.