बसचं अ‍ॅप सीट विकतं, हॉटेलचं अ‍ॅप फक्त रूमचा प्रकार विकतं : आई-बाबांना घेऊन नाशिकहून कोल्हापूर

दोन्ही अ‍ॅप दिसायला सारखीच असतात. तारीख टाका, किती माणसं ते टाका, स्वस्त ते वर आणा, पैसे भरा, मेसेज आला की झालं बुकिंग. म्हणून आपण दोन्हीकडे सारखाच विचार करतो आणि घरातली म्हातारी माणसं सोबत असली की नेमकं तिथेच अडकतो. आम्ही नाशिकच्या द्वारका चौकातून रात्रीची स्लीपर पकडून अंबाबाईला गेलो होतो, सहा जण, बाबा ७६ चे, आई ६८, मावशी ६६, आम्ही दोघं आणि नऊ वर्षांचा मुलगा. तेव्हा जे कळलं ते नीट लिहितोय, कारण आता परत जायचंय आणि ओळखीतले दोन-तीन जण हेच विचारतायत.

मुख्य फरक असा की बसच्या अ‍ॅपवर तुम्ही ठरावीक गाडीतली ठरावीक सीट घेता, नंबर तुम्ही स्वतः निवडता. हॉटेलच्या अ‍ॅपवर तुम्ही रूम घेत नाही, रूमचा प्रकार घेता, म्हणजे 'डिलक्स नॉन एसी' वगैरे, आणि त्यातली नेमकी कुठली खोली द्यायची ते काउंटरवरचा माणूस तुम्ही पोचल्यावर ठरवतो. एवढं डोक्यात बसलं की बाकी सगळं सोपं जातं.

म्हणजे बसमध्ये जे पाहिजे ते स्क्रीनवरच मिळवायचं. स्लीपरला लोअर आणि अपर डेक वेगळे दाखवतात, घाईत आपण अपरवर टॅप करतो कारण ते बरेचदा थोडं स्वस्त असतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ती शिडी चढणं म्हणजे काय ते मी बघितलंय, बाबा एक पाय शिडीवर आणि एक हात पडद्याच्या दांडीला धरून उभे होते आणि मागून लोक आत येत होते. खरं तर मी त्यांना लोअरच घेतली होती, पण ऐनवेळी ऑपरेटरने गाडी बदलली आणि दुसऱ्या गाडीत नंबरांची मांडणी वेगळी निघाली. शेवटी एका कॉलेजच्या मुलाने स्वतःची खालची जागा दिली म्हणून निभावलं. म्हणजे नंबर मिळाला तरी निघायच्या दिवशी दुपारी गाडीच्या नंबरचा मेसेज आला की बसवाल्याला फोन करून विचारायचं, गाडी तीच आहे ना, आमच्या लोअर सीट लोअरच आहेत ना.

हॉटेलमध्ये याच्या बरोबर उलटं. तळमजला पाहिजे, कमोड पाहिजे, लिफ्ट पाहिजे, हे अ‍ॅपमधल्या स्पेशल रिक्वेस्टच्या चौकोनात लिहिता येतं, पण ती फक्त विनंती असते, उपलब्ध असेल तर देऊ एवढाच तिचा अर्थ. पैसे भरून झाले म्हणजे ती मान्य झाली असं नाही. त्यामुळे अ‍ॅपवर हॉटेल शोधा, रेट बघा, लोकांनी टाकलेले बाथरूमचे फोटो बघा (हॉटेलने टाकलेले नाही), आणि बुक करायच्या आधी थेट हॉटेलला फोन करा. फोनवर तीनच प्रश्न. लिफ्ट कितव्या पायरीपासून सुरू होते, कारण बऱ्याच जुन्या लॉजमध्ये लिफ्टपर्यंत जायलाच सात-आठ पायऱ्या चढाव्या लागतात. कमोड नक्की त्याच रूममध्ये आहे का. आणि रिक्षा दारापर्यंत येते का. महाद्वार रोड आणि भवानी मंडपाच्या बाजूला गर्दीत गाडी आत सोडत नाहीत, त्यामुळे अ‍ॅपवर 'मंदिरापासून ३०० मीटर' दिसलं तरी रिक्षा कुठे सोडते त्यावर बाबांचं चालणं ठरतं. मी थोडं लांबचं पण रस्त्यावरचं हॉटेल घेणं पसंत करेन.

अजून एक, तीन मोठी माणसं एका रूममध्ये टाकली की अ‍ॅप ती बिनतक्रार घेतं आणि तिथे गेल्यावर तिसऱ्याला जमिनीवर गादी मिळते. मावशीला जमिनीवरून उठता येत नाही. तीन पलंग आहेत का ते फोटोत मोजा किंवा विचारा.

आता तारीख. बसच्या अ‍ॅपवरची तारीख म्हणजे तुम्ही गाडीत चढायची तारीख. हॉटेलच्या अ‍ॅपवरची तारीख म्हणजे ज्या दिवशी दुपारी बाराला किंवा एकला रूम तुमची होते ती. गुरुवारी रात्री दहाला द्वारकेवर चढलो, शुक्रवारी सकाळी साडेसातला कोल्हापूरला उतरलो, हॉटेल शुक्रवारचं बुक होतं, चेक-इन बाराला. साडेचार तास सहा जण रिसेप्शनच्या सोफ्यावर, रात्रभर झोप नाही, आईची सकाळची गोळी पोटात काही नसल्याने राहिली, आणि शुक्रवार म्हणजे देवीचा वार, त्यामुळे रूम लवकर रिकामी व्हायचाही प्रश्न नव्हता.

यावर उपाय आहे आणि तो महाग पण नाही. दोन रूम लागतात ना, तर त्या दोन वेगवेगळ्या बुकिंगने घ्या. पहिली गुरुवारपासून, दुसरी शुक्रवारपासून. जादा भाडं एकाच रूमचं पडतं, आणि सकाळी पोचल्या पोचल्या तिन्ही म्हातारी माणसं आडवी होतात, आपण आंघोळ तिथेच उरकतो. फक्त हॉटेलला आधीच सांगून ठेवायचं की बुकिंग गुरुवारचं असलं तरी आम्ही शुक्रवारी पहाटे येतोय, नाहीतर गुरुवारी रात्री कोणी आलंच नाही म्हणून ते नो-शो लावतात आणि रूम दुसऱ्याला देऊन टाकतात. देवस्थानाच्या गावात काही लॉज चोवीस तासांचा हिशोब धरतात, सकाळी आठला आलात तर दुसऱ्या दिवशी आठपर्यंत, अ‍ॅपवर मात्र तेच बारा-अकरा छापलेलं असतं. तेही फोनवर विचारून घ्या.

मध्यरात्रीनंतर चढायचं असेल तर अजून जपून. रात्री साडेबाराची गाडी म्हणजे कॅलेंडरने पुढचा दिवस, आपल्या बोलण्यात मात्र 'गुरुवारची रात्र'. तिकिटावर चढायच्या ठिकाणासमोर जी तारीख-वेळ छापलीय ती मोठ्याने वाचून घ्या.

सगळ्यात जास्त गफलत फ्री कॅन्सलेशनवर होते. हॉटेलच्या अ‍ॅपवर ती रेटचाच भाग असते. एकाच रूमला दोन भाव दिसतात, एक थोडा जास्त आणि त्याखाली अमुक तारखेपर्यंत फुकट रद्द, दुसरा स्वस्त आणि पैसे परत नाहीत. बसच्या अ‍ॅपवर मात्र फ्री कॅन्सलेशन ही बहुतेक वेळा वेगळे पैसे घेऊन दिलेली सोय असते, पेमेंटच्या आधी टिक मारायला सांगतात. टिक मारली नाही तर ऑपरेटरचे टप्पे लागू, जितकं उशिरा रद्द कराल तितकं जास्त कापणार, आणि शेवटच्या काही तासात काहीच परत नाही.

त्यात एक बारीक ओळ कोणी वाचत नाही. हे तास बरेचदा तुमच्या थांब्यावरच्या वेळेपासून मोजत नाहीत, गाडी जिथून सुटते तिथल्या वेळेपासून मोजतात. समजा गाडी धुळ्याहून संध्याकाळी साडेसहाला सुटते आणि नाशिकला दहाला येते, आणि बारा तास आधीपर्यंत निम्मे पैसे परत असा टप्पा आहे. तुम्हाला वाटतं सकाळी दहापर्यंत वेळ आहे, पण मुदत सकाळी साडेसहालाच संपलेली असते. रात्री बाबांना ताप आला आणि तुम्ही सकाळी डॉक्टरकडून आल्यावर रद्द करायला बसलात तर गेले पैसे.

दुसरं म्हणजे सहापैकी दोनच सीट रद्द करायच्या असतील तर काही ऑपरेटर ते करूच देत नाहीत, सगळं तिकीट नाहीतर काही नाही. ते पॉलिसीत लिहिलेलं असतं. म्हणून मी आता आई-बाबांचं तिकीट वेगळं काढतो आणि त्यात एक आपल्यातलं माणूस घालतो, कारण ते थांबले तर कोणालातरी त्यांच्याजवळ थांबावं लागणारच. हॉटेलच्या दोन रूम वेगळ्या बुकिंगने घ्यायचं हेही एक कारण.

आता पैसे. खासगी बसच्या अ‍ॅपवर सहा जण म्हणजे सहा तिकिटं, मुलाचंसुद्धा पूर्ण. एसटीच्या स्वतःच्या अ‍ॅपवर किंवा साइटवर काढलं तर ७५ च्या पुढच्यांना प्रवास मोफत, ही ऑगस्ट २०२२ पासूनची योजना. ६५ ते ७५ निम्मं. सगळ्या बायकांना निम्मं, मार्च २०२३ पासून. ५ ते १२ वर्षांच्या मुलाला निम्मं. आमचा हिशोब लावा, बाबा शून्य, आई, मावशी, बायको आणि मुलगा अर्धं अर्धं म्हणजे दोन, आणि माझं एक. सहा माणसं तीन तिकिटांत, वर रिझर्वेशनचा किरकोळ आकार. पूर्ण तिकीट समजा ७०० असेल तर ४२०० च्या जागी २१००. हे महाराष्ट्राच्या हद्दीतच चालतं, कोल्हापूरला काही अडचण नाही, पण पुढे कर्नाटकात जाणार असाल तर सवलत हद्दीपर्यंतच.

फक्त अ‍ॅपमध्ये प्रत्येक प्रवाशाच्या नावासमोर सवलतीचा प्रकार स्वतः निवडावा लागतो. नुसतं वय ७६ टाकलं आणि प्रकार साधाच ठेवला तर पूर्ण पैसे कापले जातील. म्हणून पेमेंटच्या आधी एकूण रक्कम बघायची, तीन तिकिटांएवढी नसेल तर मागे जायचं. आधार कार्ड जवळ ठेवायचं, वयाचा पुरावा गाडीत दाखवावा लागतो. एसटीच्या गाड्या इतर अ‍ॅपवरही दिसतात, तिथे काढणार असाल तर ज्येष्ठ आणि महिला हे पर्याय आहेत का ते आधी बघा, नसले तर उठून एसटीच्या साइटवर जा किंवा नाशिकच्या ठक्कर बाजार स्टँडच्या खिडकीवर.

यावेळी आमचं असं ठरलंय. जाताना दिवसाची एसटी, म्हणजे संध्याकाळी पोचेपर्यंत रूम तयार असते आणि जादा रात्रीचं भाडं वाचतं. दिवसभर बसून पाठ अवघडते हे खरं, पण एसटी ठरलेल्या थांब्यांवर थांबते, बाबांना शुगर आहे, त्यांना दोन-अडीच तासांनी उतरावं लागतं. खासगी स्लीपरवाला रात्री जेवणाला एकदा थांबला की पुढे विनवण्या कराव्या लागतात. परत येताना मात्र रात्रीची स्लीपर, लोअर, कारण सकाळी द्वारकेवर उतरलं की घर आपलंच आहे. फक्त त्या दिवशी सकाळी अकराला चेक-आउट आणि गाडी रात्री नऊची, तेवढा वेळ आई-बाबांना कुठे बसवणार, म्हणून एक रूम रात्रीपर्यंत ठेवायचं हॉटेलवाल्याशी फोनवर बोललोय, अर्ध्या दिवसाचं भाडं म्हणाला. अ‍ॅपवर हा पर्यायच नव्हता. त्याला ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवायला सांगितलंय, तळमजला आणि कमोडसकट.